उद्यम नोंदणी : छोट्या उद्योगाची सरकारदरबारी ओळख

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी गेले, तर मिरची कांडणारी, लोणची-पापड करणारी, लोखंडी दारे-खिडक्या जोडणारी, कपडे शिवणारी अशी कितीतरी माणसे आढळतात, ज्यांचा व्यवसाय वर्षानुवर्षे सचोटीने चालू असतो, ज्यांच्या मालाला गिऱ्हाईक असते, परंतु बँकेच्या दाराशी गेल्यावर ज्यांना आपण व्यवसाय करतो हे सिद्ध करण्यासाठी एकही सरकारी दस्तऐवज पुढे ठेवता येत नाही. अशा उद्योगाला कायद्याने ओळखावे, त्याचे नाव, त्याचे ठिकाण, त्याचा प्रकार आणि त्याचा आकार एका दफ्तरात नोंदवावा, आणि त्या नोंदीच्या आधारे कर्ज, अनुदान व संरक्षण यांचा मार्ग त्याला मोकळा करावा, या हेतूने केंद्र शासनाने जी व्यवस्था उभी केली तिचे नाव उद्यम नोंदणी. ती विनामूल्य आहे आणि घरबसल्या अल्पावधीत होते. आणि एवढ्या सुलभपणे होते म्हणूनच ती अनेकदा निष्काळजीपणे केली जाते. अर्जातील दोन-तीन रकाने चुकीचे भरल्यामुळे पुढे ज्या लाभांना मुकावे लागते, त्यांची कल्पना अर्जदाराला त्या वेळी नसते. या प्रकरणात नोंदणीची रीत सांगताना आपण मुख्यतः त्या रकान्यांकडे लक्ष देणार आहोत.

कायद्याची चौकट

या व्यवस्थेचा पाया म्हणजे २००६ साली संसदेने संमत केलेला सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम होय. प्रारंभी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन उद्योजकाने कागदावर ज्ञापन दाखल करावे अशी पद्धत होती. २०१५ साली तिच्या जागी ‘उद्योग आधार’ आले, आणि १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी सुरू झाली. उद्योग आधाराची मुदत ३० जून २०२२ रोजी कायमची संपली. तेव्हा ज्यांनी तो जुना दाखला चौकटीत बसवून दुकानाच्या भिंतीवर लावला आहे आणि त्याच्याच भरवशावर जे निश्चिंत आहेत, त्यांनी नवी नोंदणी करणे आवश्यक आहे.

सूक्ष्म उपक्रम कोणाला म्हणावे याची व्याख्या दोन कसोट्यांवर उभी आहे : यंत्रसामग्रीत गुंतवलेली रक्कम आणि वर्षाची उलाढाल. १ एप्रिल २०२५ पासून अमलात आलेल्या मर्यादेनुसार ज्या उपक्रमाची यंत्रांतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपेक्षा अधिक नाही आणि ज्याची वार्षिक उलाढाल दहा कोटी रुपयांपेक्षा अधिक नाही, तो सूक्ष्म. या दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. यातील एक जरी ओलांडली गेली तरी उपक्रम वरच्या वर्गात जातो. गुंतवणूक मोजताना जमीन, इमारत आणि खुर्च्या-कपाटांसारखे सामान वगळायचे असते, आणि उलाढाल मोजताना निर्यातीची रक्कम वजा करायची असते. खेड्यातील वा उपनगरातील बहुतेक व्यवसाय या मर्यादांच्या फार आत असल्यामुळे आपण सूक्ष्म ठरतो किंवा नाही ही चिंता सहसा करावी लागत नाही. विचार करावा लागतो तो वेगळ्याच गोष्टींचा.

नोंद कोणाच्या नावे?

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याच संगतीने चालू. कऱ्हाडच्या परिसरात कांदा-लसूण मसाला करणाऱ्या एक बाई आहेत अशी कल्पना करा. त्यांच्याजवळ १ लाख ८० हजारांचे कांडप यंत्र, १ लाख २० हजारांचे भाजणी यंत्र आणि ४० हजारांचे पिशव्या बंद करण्याचे यंत्र, अशी एकूण ३ लाख ४० हजार रुपयांची सामग्री आहे. गेल्या वर्षी त्यांनी १८ लाख रुपयांचा माल विकला. मालाची खरेदी, कांडण्याचे प्रमाण, कामावरच्या स्त्रियांची मजुरी, गिऱ्हाइकांची उधारी असा सारा कारभार बाईंच्या हातात आहे. मात्र बँकेचे खाते, पॅन आणि आधारशी जोडलेला दूरध्वनी क्रमांक हे सगळे यजमानांचे आहे.

येथेच पहिला निर्णय करावा लागतो. एकल मालकीच्या उद्योगाची नोंदणी मालकाच्या आधार क्रमांकावर आणि त्याच्याच पॅनवर होते. भागीदारी असेल तर व्यवस्थापकीय भागीदाराचा आणि एकत्र हिंदू कुटुंबाचा व्यवसाय असेल तर कर्त्याचा आधार लागतो. आधारशी भ्रमणध्वनी जोडलेला असावा लागतो, कारण पडताळणीचा सांकेतिक अंक, ज्याला सर्वजण ओटीपी म्हणतात, त्याच क्रमांकावर येतो. बाईंचा क्रमांक जोडलेला नाही एवढ्या कारणासाठी घरातील मंडळी यजमानांच्या आधारवर नोंदणी उरकून टाकतात, आणि त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने तो उद्योग एका पुरुषाचा होतो. सरकारी खरेदीत स्त्रियांच्या उपक्रमांसाठी राखलेला हिस्सा आणि स्त्री-उद्योजकांना कर्जहमीत व अनुदानांत मिळणाऱ्या सवलती यांपैकी काहीही त्यानंतर बाईंच्या पदरात पडत नाही. एवढेच नव्हे, तर पतपुरवठ्याचा सारा इतिहास यजमानांच्या पॅनवर जमा होत राहतो. म्हणून आधी बाईंच्या नावाचे पॅन काढावे, आधारशी त्यांचा स्वतःचा क्रमांक जोडावा, व्यवसायाचे चालू खाते त्यांच्या नावे उघडावे, आणि मगच नोंदणीस बसावे. या तयारीत दोन-चार आठवडे गेले तरी ते सत्कारणी लागतात, कारण नोंदणी पॅनला बांधलेली असते आणि एका उपक्रमाला एकच नोंदणी करता येते. मालक बदलायचा म्हटले की सारेच नव्याने उभारावे लागते.

वस्तू व सेवा कराचा क्रमांक सर्वांनाच लागतो असे नाही. मालाचा व्यवहार करणाऱ्यास महाराष्ट्रात साधारणतः ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत त्या कायद्याखाली नोंदणीची सक्ती नसते, आणि ज्याला ती सक्ती नाही त्याला उद्यम नोंदणीसाठीही तो क्रमांक मागितला जात नाही. आपल्या बाईंची उलाढाल १८ लाखांची असल्याने त्यांना पॅन पुरेसे आहे. मात्र अन्नपदार्थांसाठीचा परवाना हा सर्वस्वी वेगळा मामला असून, उद्यम प्रमाणपत्र हाती आले म्हणून त्यातून सुटका होत नाही.

अर्जाची पायरी-पायरी

अर्ज केवळ udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो आणि त्यास कोणतेही शुल्क नाही. तशाच तोंडवळ्याची अनेक खासगी संकेतस्थळे शोधात अग्रभागी दिसतात. ती अर्ज भरून घेतात, दीड-दोन हजार रुपये ‘सरकारी फी’ म्हणून मागतात आणि अर्जदाराच्या क्रमांकावर आलेला ओटीपीही विचारून घेतात. पैसे भरण्याचे पान समोर आले की आपण चुकीच्या दारी आलो आहोत हे निश्चित समजावे. स्वतःला जमत नसेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मदत मागावी. गावातील सेवा केंद्रचालकाने अर्ज भरून देण्याची मजुरी घेतली तर ती त्याच्या श्रमाची म्हणून देता येते, पण ती शासनाची फी नव्हे.

पहिल्या पानावर नव्या उद्योजकांसाठी असलेला पर्याय निवडून आधार क्रमांक आणि आधारवर जसे आहे अगदी तसेच नाव लिहावे. आधारवर वडिलांचे नाव मध्ये असेल आणि अर्जात ते गाळले, किंवा माहेरचे आडनाव आधारवर आणि सासरचे पॅनवर असेल, तर पडताळणी येथेच अडते. ज्यांच्या दोन दस्तऐवजांत असा भेद आहे, त्यांनी तो आधी दूर करून घ्यावा. ओटीपी भरल्यावर उपक्रमाचा प्रकार आणि पॅन यांची नोंद होते, व गेल्या वर्षीचे प्राप्तिकर विवरणपत्र भरले आहे काय, असे विचारले जाते. त्यानंतर उपक्रमाचे नाव, कारखान्याचे ठिकाण, कार्यालयाचा पत्ता, बँक खाते, कामावर असलेल्या स्त्री-पुरुषांची संख्या असे रकाने क्रमाने येतात. त्यांपैकी बहुतेक सरळ आहेत. परंतु दोन रकान्यांपाशी थांबून विचार केला पाहिजे.

पहिला रकाना व्यवसायाच्या स्वरूपाचा. येथे उत्पादन, सेवा आणि व्यापार असे तीन पर्याय असतात, आणि त्यांच्या पाठोपाठ राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातील पाच अंकी संकेतांक निवडावा लागतो. बाई स्वतः मसाला तयार करतात आणि घराच्या पुढच्या खोलीत तो विकतातही. अर्ज भरून देणारा मनुष्य ‘तुमचे दुकान आहे ना?’ असे विचारतो, बाई ‘होय’ म्हणतात, आणि किरकोळ विक्रीचा संकेतांक पडून जातो. ही चूक वरवर क्षुल्लक भासते, पण तिचे परिणाम दूरगामी आहेत. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणीची मुभा मिळाली ती केवळ एका प्रयोजनासाठी, म्हणजे बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जात त्यांची गणना व्हावी यासाठी. थकलेल्या बिलांच्या वसुलीसाठी कायद्याने दिलेले संरक्षण आणि सरकारी खरेदीतील प्राधान्य त्यांना नाही. मसाले दळणे व त्यांवर प्रक्रिया करणे यासाठी 10795 हा उत्पादनाचा संकेतांक आहे. बाईंनी ‘उत्पादन’ हा पर्याय घेऊन तो निवडला पाहिजे. पुढे त्या लोणची करू लागल्या तर त्याच नोंदणीत आणखी एक संकेतांक जोडता येतो. त्यासाठी दुसऱ्या नोंदणीचे प्रयोजन नसते, आणि तशी मुभाही नसते.

दुसरा रकाना व्यवसाय सुरू झाल्याच्या तारखेचा. ही तारीख खरी लिहावी हे तर आहेच. पण कोणत्या योजनेसाठी जायचे याचा निर्णय तिच्याशी कसा जोडलेला आहे हेही ठाऊक असावे. खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत राबवली जाणारी पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना केवळ नवीन उद्योगांसाठी आहे. जो उद्योग आधीपासून चालू आहे, त्याला तिच्यातून पहिले कर्ज मिळू शकत नाही. याउलट चालू उद्योगाचा विस्तार करू इच्छिणाऱ्यांसाठी इतर योजना आहेत. तेव्हा दोन वर्षे चाललेला व्यवसाय कागदावर कालचा दाखवून नव्यांच्या योजनेचे अनुदान मागणाऱ्याचा अर्ज पाहणीच्या वेळी, जुनी यंत्रे व जुनी बिले समोर येताच, बाद होतो. आणि असत्य निवेदनाची जबाबदारी वेगळी अंगावर येते.

गुंतवणूक आणि उलाढाल यांचे आकडे ज्यांनी विवरणपत्र भरले आहे त्यांच्याबाबतीत प्राप्तिकर व वस्तू-सेवा कर खात्यांच्या दफ्तरातून घेतले जातात. यंत्रांची किंमत तेथे घसारा वजा करून धरली जाते. म्हणजे बाईंच्या ३ लाख ४० हजारांच्या यंत्रांवर पहिल्या वर्षी १५ टक्के घसारा लावला असेल तर नोंद २ लाख ८९ हजारांची होते. ज्यांनी अद्याप विवरणपत्रच भरलेले नाही, त्यांनी यंत्रांच्या खरेदीची रक्कम कर वगळून स्वतः घोषित करावी.

शेवटचा ओटीपी दिल्यावर UDYAM-MH या अक्षरांनी सुरू होणारा, पुढे जिल्ह्याचे दोन अंक आणि सात अंकी क्रमांक असलेला नोंदणी क्रमांक मिळतो, आणि पडताळणी झाल्यावर चौकोनी संकेतचिन्ह असलेले प्रमाणपत्र उतरवून घेता येते. त्याला नूतनीकरण लागत नाही. ज्यांच्याजवळ पॅनही नाही आणि ज्यांना वस्तू-सेवा कराची नोंदणी आवश्यक नाही, अशा अगदी लहान हातगाडीवाल्यांसाठी व कारागिरांसाठी २०२३ सालापासून ‘उद्यम असिस्ट’ हा दुसरा मार्ग आहे. तेथे बँक किंवा वित्तसंस्थाच त्यांची नोंद करते, आणि अग्रक्रम क्षेत्रातील कर्जासाठी तिला उद्यम प्रमाणपत्राइतकाच मान असतो.

कर्जाचा हिशेब

प्रमाणपत्र हाती आले म्हणजे कर्ज मंजूर झाले, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो निराशेला कारण होतो. जमिनीचा सातबारा जसा जमिनीची ओळख देतो पण पीक देत नाही, तसे हे प्रमाणपत्र उद्योगाची ओळख देते. बँकेला या ओळखीचे मोल आहे, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकांना आपल्या एकूण पतपुरवठ्यापैकी साडेसात टक्के सूक्ष्म उपक्रमांना द्यावा लागतो, आणि एखादे कर्ज त्या हिशेबात धरायचे तर उद्यमची नोंद लागते. बँकेला आपली गरज असते हे अर्जदाराने जाणून बँकेत जावे, परंतु कर्जाची रक्कम ठरते ती व्यवसायाच्या आकड्यांवर.

बाईंना आणखी एक मोठे कांडप यंत्र आणि पाकिटे भरण्याचे यंत्र घ्यायचे आहे. त्याचा खर्च ८ लाख रुपये. शिवाय हंगामात मिरची एकदम खरेदी करण्यासाठी खेळते भांडवल हवे आहे. यंत्रांच्या ८ लाखांपैकी दहावा हिस्सा, म्हणजे ८० हजार, त्या स्वतः घालतात आणि बँकेकडे ७ लाख २० हजारांचे मुदतकर्ज मागतात. खेळत्या भांडवलाचा हिशेब नायक समितीच्या शिफारशींनुसार बँका असा करतात : येत्या वर्षीच्या अपेक्षित उलाढालीचा चौथा हिस्सा ही भांडवलाची गरज धरायची, उलाढालीच्या २० टक्के इतकी रक्कम बँकेने द्यायची आणि ५ टक्के उद्योजकाने आणायची. बाईंची उलाढाल १८ लाखांवरून नव्या यंत्रांमुळे २४ लाखांवर जाईल असा अंदाज मांडला, तर गरज ६ लाखांची, त्यातील बँकेची कर्जमर्यादा ४ लाख ८० हजारांची आणि बाईंचे १ लाख २० हजार.

आता समजा, विवरणपत्र भरताना कोणाच्या तरी सल्ल्याने बाईंनी उलाढाल १८ लाखांऐवजी ६ लाखच दाखवली असती. त्यांचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आतच असल्याने त्यातून एक पैचाही कर वाचला नसता. पण ६ लाखांचा व्यवसाय एका वर्षात २४ लाखांवर जाईल हे बँकेच्या अधिकाऱ्याला पटले नसते. त्याने फार तर ८ लाखांची उलाढाल मान्य केली असती, आणि ४ लाख ८० हजारांच्या जागी १ लाख ६० हजारांची मर्यादा मंजूर झाली असती. उद्यमवरील आकडे, विवरणपत्रातील आकडे आणि बँक खात्यातून फिरलेली रक्कम, या तिन्ही गोष्टी बँक एकमेकींशी ताडून पाहते. रोखीने आलेली विक्री खात्यात भरली नाही, तर ती बँकेच्या लेखी झालेलीच नसते.

तारणाचा प्रश्न यानंतर येतो. सूक्ष्म व लघु उपक्रमांच्या निदान दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक बऱ्याच वर्षांपासून आहे. बाईंची एकूण मागणी १२ लाखांची होते. अशा वेळी, घर वा शेत गहाण ठेवण्याऐवजी, केंद्र शासन आणि सिडबी यांनी २००० साली स्थापन केलेल्या पतहमी निधी न्यासाचे संरक्षण त्या कर्जाला घ्यावे, असे बँकेला स्पष्ट शब्दांत लेखी विनवावे. या न्यासाची हमी घेतली तर कर्ज बुडाल्यास बँकेला त्यातील मोठा हिस्सा न्यास भरून देतो. मात्र येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी : ही हमी बँकेला दिलेली असते, कर्जदाराला नव्हे. न्यासाने रक्कम भरली म्हणून कर्जदार ऋणमुक्त होत नाही. वसुलीचा तगादा चालूच राहतो. हमीसाठी दरसाल लागणारे शुल्कही बहुधा कर्जदारालाच सोसावे लागते; तेव्हा व्याजदराची चौकशी करतानाच त्याचाही आकडा विचारून घ्यावा.

अनुदानाची रीत

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेली केंद्राची योजना बाईंच्या कामाची आहे. तिच्यात पात्र खर्चाच्या ३५ टक्के, आणि जास्तीत जास्त दहा लाख रुपये, इतके कर्जाशी निगडित अनुदान मिळते. बाईंच्या ८ लाखांवर ते २ लाख ८० हजार होते. महाराष्ट्रात या योजनेचे काम कृषी विभाग पाहतो. अशा योजनांना मुदती असतात, त्या वाढवल्या जातात किंवा बंद होतात. म्हणून यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी ती योजना चालू आहे काय, याची खातरजमा जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी.

या अनुदानाबद्दल दोन गैरसमज विशेष नुकसान करतात. पहिला असा की, उद्यम नोंदणी झाली म्हणजे अनुदान आपोआप येते. वस्तुतः प्रत्येक योजनेचा अर्ज, छाननी आणि मंजुरी स्वतंत्र असते, आणि मंजुरीच्या आधी रोखीने घेतलेल्या यंत्राचा खर्च अनुदानास धरला जाईल असे गृहीत धरू नये. दुसरा असा की, अनुदानाची रक्कम हाती मिळते. ती बँकेत कर्जाशी जोडलेल्या निराळ्या खात्यात ठेवली जाते, आणि तीन वर्षांनंतर कर्जखाते नियमित असेल व उद्योग चालू असेल तरच कर्जाच्या रकमेत वळती केली जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा की बाईंनी पहिली तीन वर्षे ७ लाख २० हजारांच्याच कर्जाचे हप्ते झेपतील की नाही हे पाहिले पाहिजे. अनुदानाच्या आशेवर हप्त्याचा हिशेब बसवणारे लोक दुसऱ्याच वर्षी थकबाकीत जातात, आणि थकबाकीमुळे ते अनुदानही गमावतात.

थकलेल्या बिलांचा कायदा

उद्यम नोंदणीचा जो लाभ सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे, तो माझ्या मते उत्पादक व सेवा देणाऱ्या सूक्ष्म उद्योजकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. लहान उद्योग तोट्यापेक्षाही अडकलेल्या पैशामुळे अधिक बंद पडतात असा अनुभव या क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाला येतो. २००६ च्या अधिनियमाचे पंधरावे कलम सांगते की, सूक्ष्म वा लघु उपक्रमाकडून घेतलेल्या मालाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला द्यावेत, आणि लेखी करारातही ही मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येणार नाही. करारच नसेल तर १५ दिवसांत द्यावेत. सोळाव्या कलमानुसार विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने, व्याज द्यावे लागते.

बाईंनी एका उपाहारगृहाच्या ठेकेदाराला १ लाख २० हजारांचा मसाला दिला आणि तो त्याने १ जूनला स्वीकारला. ठेकेदाराने मागणीपत्रावर ‘साठ दिवसांत रक्कम’ असे लिहिले आहे. तरीही कायद्याने मुदत १६ जुलैलाच संपते. त्यानंतर तीन महिने पैसे आले नाहीत आणि बँक दर ६ टक्के धरला, तर व्याजाचा दर वर्षाला १८, म्हणजे महिन्याला दीड टक्का पडतो, आणि तीन महिन्यांचे व्याज सुमारे ५,४८० रुपये होते. ही रक्कम आणि मुद्दल मागण्यासाठी राज्य शासनाने नेमलेल्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषद आधी समेट घडवू पाहते, तो न झाल्यास लवादाने निवाडा करवते. कायद्याने त्यासाठी ९० दिवसांची मुदत घातली आहे, जरी प्रत्यक्षात प्रकरणे अधिक काळ चालतात. निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला निवाड्याच्या रकमेचा ७५ टक्के हिस्सा आधी जमा करावा लागतो, आणि या एका तरतुदीमुळे अनेक खरेदीदार परिषदेची नोटीस येताच तडजोडीस तयार होतात. शिवाय प्राप्तिकर कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीमुळे, सूक्ष्म व लघु उपक्रमाला मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. ती प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्चात धरली जाते. म्हणून आजकाल मोठ्या कंपन्यांची लेखा खाती मार्चच्या आधी पुरवठादारांकडे उद्यम प्रमाणपत्राची प्रत स्वतःहून मागतात.

हा हक्क बजावायचा तर पुराव्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असावा, माल पोचल्याची सही व तारीख असलेली पोच जपून ठेवावी, आणि मुदत संपताच लेखी मागणी पाठवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदणी व्यवहाराच्या आधीची असावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ सालच्या एका निवाड्यात, पुरवठ्याचा करार झाल्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ मागील व्यवहारांना मिळत नाही असे म्हटले. या प्रश्नाचा पुढेही न्यायालयात पुनर्विचार होऊ लागला आहे, परंतु तो कोणत्याही बाजूने सुटला तरी आधी नोंदलेल्या उद्योजकाला वादच उरत नाही. बिल थकल्यावर नोंदणीकडे धावणे म्हणजे ज्या हक्कासाठी धावायचे त्यालाच संशयाच्या कक्षेत नेणे होय.

नोंद अद्ययावत ठेवणे

प्रमाणपत्राला नूतनीकरण नाही, याचा अर्थ ते एकदा काढून विसरून जावे असा नव्हे. जागा बदलली, नवे यंत्र आले, नवा व्यवसाय जोडला, बँक खाते बदलले, वस्तू-सेवा कराचा क्रमांक घ्यावा लागला, की त्याच संकेतस्थळावर ‘अद्ययावत करा’ या मार्गाने नोंद दुरुस्त करावी. दरवर्षी विवरणपत्र भरून झाल्यावर एकदा प्रमाणपत्र उघडून त्यावरील वर्ग, पत्ता आणि संकेतांक पाहून घेण्याची सवय ठेवावी. कर्जाच्या मंजुरीत विलंब होण्याचे एक नित्याचे कारण म्हणजे प्रमाणपत्रावरील जुना पत्ता आणि बँकेच्या पाहणीत आढळलेली नवी जागा यांतील विसंगती. वाढ झाल्यामुळे आपण सूक्ष्म वर्गातून बाहेर पडू आणि सवलती जातील, या भीतीने उलाढाल दडवण्याचे कारण नाही, कारण वरच्या वर्गात गेल्यानंतरही करेतर लाभ तीन वर्षे चालू राहतात.

आपल्या बाईंनी काय करावे, हे आता क्रमाने सांगता येते. स्वतःच्या नावे पॅन व चालू खाते. आधारशी स्वतःचा क्रमांक. मग ‘उत्पादन’ या सदराखाली, खऱ्या तारखेसह, विनामूल्य नोंदणी. विवरणपत्रात संपूर्ण उलाढाल. त्यानंतर अन्नप्रक्रिया योजनेचा अर्ज आणि त्याच प्रस्तावासह बँकेत पतहमीची लेखी मागणी. आणि प्रमाणपत्र मिळाल्याच्या दिवसापासून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक. हा क्रम उलटा केला, आधी यंत्र घेतले, मग कर्ज मागितले, मग अनुदान शोधले आणि शेवटी नोंदणी केली, तर त्यातील प्रत्येक पायरीवर काहीतरी हातचे जाते. आणि दुर्दैवाने आज बहुसंख्य उद्योजक याच उलट्या क्रमाने चालतात.